फोटोतलं कार्ड

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे फोनवर एकच फोटो आला. ड्रॉइंगचा कागद मधोमध दुमडलेला, त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी, खाली फळा आणि चष्मा लावलेली एक व्यक्ती. फोटोखाली मजकूर एवढाच : "टीचरांना द्यायचं आहे, आमच्याकडून आभाराच्या चार ओळी लिहून द्या." मुलाचं नाव नाही, इयत्ता नाही, शाळा नाही. कार्डाच्या कोपऱ्यात नाव असावं, पण तिथे फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला होता.

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही हदीस आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे नाही म्हणवेना. उलट विचारलं, तर दुपारपर्यंत उत्तर नाही, आणि कार्ड दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. तेव्हा जे आहे ते कार्डावरूनच काढायचं, असं ठरवलं.

कार्डावर असं होतं : "टीचर तुमी रागवत नाही। मी आता शाळा लिहू शकते। थँक्यू."

पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी? मराठीत हे क्रियापदच सांगतं. पण "शकते"च्या पुढे एक उभी रेघ होती. ती काना धरली तर "शकतो" होतं. फोटो मोठा करून पाहिला. रेघ अक्षरापासून सुटी होती आणि वरच्या शिरोरेघेला टेकत नव्हती. "नाही"च्या पुढेही तशीच रेघ. म्हणजे हा हिंदीच्या पुस्तकातला पूर्णविराम, काना नव्हे. मुलगीच. (उलट "शकतो" असतं तर मात्र आम्ही थांबलो असतो. कोल्हापूरकडे मुलीसुद्धा "मी जातो" म्हणतात.)

शिक्षक पुरुष की स्त्री? चित्रातल्या केसांवर आम्ही विसंबलो नाही. मुलं सगळ्यांनाच लांब केस काढतात. "टीचर" हा शब्द मात्र आपल्याकडे बहुधा बाईंनाच वापरतात, पुरुषाला "सर". तरी वाक्यं अशी लिहिली की कुणालाही चालतील. एकदा अशाच घाईत आम्ही बाईंना "सर" करून ठेवलं होतं आणि ते पत्र त्या घरातून तसंच गेलं. चूक आमची, सही मात्र त्या आईची होती.

कार्डातली खरी गोष्ट मात्र "शाळा" या शब्दात होती. "ळ"च्या खाली खोडलेला "ल" दिसत होता, आणि खोडून खोडून तिथला कागद फुगला होता. उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या घरांत "ळ" नसतोच. तिथलं मूल बरेच दिवस "शाला", "फला" म्हणतं. चित्रातल्या फळ्यावरही एकच अक्षर होतं, तेही "ळ", फळाभर मोठं. टीचरांनी नेमकं काय दिलं, ते पोरीने स्वतः दाखवलं होतं.

आमच्या पहिल्या मसुद्यात "आपल्यामुळे तिच्यात आत्मविश्वास आला, ती रोज आनंदाने शाळेत येते" असं होतं. ते काढलं. रोज आनंदाने येते की रडत येते, आम्हाला काय माहीत? टीचरांना मात्र माहीत असणार. "अस्सलामु अलैकुम"ही घातलं नाही. टीचर कोण आहेत ते ठाऊक नव्हतं, आणि "आदरणीय" कुठेही शोभतं. शेवटी गेलं ते असं :

"आदरणीय टीचर,
मुलीने तुमच्यासाठी केलेलं कार्ड सोबत आहे. 'शाळा' लिहिताना तिने आधी 'ल' लिहिला, मग खोडून 'ळ' केला. ती खूण आम्ही तशीच ठेवली आहे. फळ्यावरही तिने 'ळ'च काढला आहे. तुम्ही रागवत नाही, हे तिने सगळ्यात आधी लिहिलं. तुमचे मनापासून आभार.
______ चे पालक"

"चे पालक" यासाठी की फोटो आईने पाठवला, अब्बांनी की खालाने, हेही कळायला मार्ग नव्हता. सोबत दोन सूचना दिल्या : रिकाम्या जागी मुलीचं नाव स्वतःच्या हाताने लिहा, आणि कार्डातलं "तुमी" दुरुस्त करू नका.

रात्री उशिरा उत्तर आलं. "शुक्रिया. 'ळ'चं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही तो डाग समजून नवीन कागदावर लिहायला बसवणार होतो."