मशेरीचंही विचारा

रक्तदाब तपासायला आलेल्या पन्नाशीच्या बाईंना डॉक्टर विचारतात, “व्यसन काही?” उत्तर येतं, “नाही.” केसपेपरवर तशी नोंद होते. खोटं कोणीच बोललेलं नसतं. सकाळ-दुपार लावलेली मशेरी त्यांच्या लेखी दात घासणं असते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. म्हणून पहिला प्रश्न नाव घेऊनच हवा: “मावशी, मशेरी, तंबाखू-चुना, खर्रा, यातलं काही?”

होकार आला, तर सल्ला एका वाक्याचा आणि समोरच्या तक्रारीला जोडलेला असावा: “बीपी आहे, त्यात तंबाखूने हृदयाचा धोका वाढतो, मशेरी सोडा, मदत मिळते.” इथे रागावलं की पुढच्या खेपेला पुन्हा “नाही”च ऐकू येणार.

खरी गळती तिसऱ्या पायरीवर, म्हणजे मदतीपर्यंत पोहोचवताना होते. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो, पण घरी भाजलेल्या मशेरीला पाकीट कुठलं? चिठ्ठीवर लिहिलेला नंबर पिशवीतच राहतो. परिचारिकेने तो तिथेच, बाईंच्या फोनवरून लावून द्यावा. सगळं मिळून तीन मिनिटं.