शेवटच्या ओळीचा शिक्का

उर्दू शाळेत पत्रलेखन शिकवताना आम्ही शिक्षक मुलांच्या हाती तयार शेवट ठेवतो : 'फकत वस्सलाम, आपका फरमाँबरदार बेटा.' मराठीच्या तासाला तीच मुलं 'कळावे, लोभ असावा' घोकतात. साचा बिनचूक उतरला की गुण मिळतात. मोठेपणी हीच मुलं दहावीच्या निरोपाला, ईदेला, निवृत्तीला सरसकट एकच ओळ वाटतात : 'उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा, दुआ में याद रखना.' याला अदब म्हणायला मी तयार नाही. ही टाळाटाळ आहे.

काही मंडळी म्हणतील, सलाम-दुआ ही आपली तहजीब, तिच्यावर का घसरता? वस्सलाम खुशाल राहू द्या. माझं भांडण त्याच्या आधीच्या ओळीशी आहे. 1868 साली निघालेल्या 'ऊद-ए-हिंदी'तली गालिबची पत्रं समोर बसून बोलावं तशी आहेत. अल्काब-आदाबचा फाफटपसारा त्यानं तेव्हाच झटकला. आम्ही वर्गात त्याचे गोडवे गातो आणि पुढच्याच तासाला मुलांना शिक्का देतो!

कोकणातला एखादा मुलगा कुवेतला वडिलांना लिहितो. आईची तब्येत, पावसाआधी शाकारायची कौलं, चाचणीचे गुण, सगळं येतं. शेवटी मात्र 'अल्लाह आपको सेहत और तंदुरुस्ती दे.' आता वरचं 'अब्बा' खोडून 'चाचा' लिहून बघा. शेवटच्या ओळीचं काहीच बिघडत नाही. म्हणजे ती अब्बांसाठी लिहिलेलीच नाही. मुलाला एवढंच विचारावं, अब्बा मागच्या वेळी स्वतःविषयी काय बोलले? तो सांगेल, रात्रपाळी लागलीय, दिवसा झोप येत नाही. मग शेवट समोरच आहे : 'अब्बा, दिवसा झोप होत नाही म्हणालात. यापुढे जुम्याला आम्ही असरनंतरच फोन करू, तोवर निवांत झोपा. अल्लाह तुम्हाला गाढ झोप देवो. वस्सलाम.' दुआ तीच, पण आता तिला पत्ता मिळाला.

इथं अतिउत्साही लोक घोळ घालतात. 'तुमच्यासारखे वडील जगात नाहीत' ही ओळ मोठी आहे, जवळची नाही. तीही कुणालाही चालते. आणि खासगीत कळलेलं दुखणं चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कार्डावर लिहिलं, तर माणूस सुखावत नाही, उघडा पडतो. तिथं सगळ्यांसमोर घडलेलंच काही निवडावं.

'वर्गात साठ मुलं, साठ ओळी आणायच्या कुठून?' हा सवाल शिक्षकांच्या खोलीत हमखास येतो. निरोपाच्या आदल्या रात्री आठवायला बसलं तर नाहीच सुचणार. वर्षभर वहीच्या कडेला मुलाच्या नावापुढे दोन शब्द टिपत जावं : 'नकाशे सुबक', 'धाकट्या बहिणीला रोज सोडायला येतो'. तरीही एखाद्या नावापुढची जागा कोरी राहिली, तर त्या कार्डावर नुसतं नाव आणि सलाम लिहावा, 'उज्ज्वल भविष्य' लिहू नये.