हजार झेंड्यांची खेप, तीनशे साठांचं कपाट

हुबळीत केशवापूर ओलांडून बेंगेरीकडे गेलं की कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचं आवार लागतं. १९५७ साली स्थापन झालेला हा संघ भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे खादीचा राष्ट्रध्वज तयार करतो. गरग आणि बागलकोटकडचं हातमागाचं कापड इथे येतं. त्याचे तीन वाटे होतात. एक केशरी रंगतो, एक हिरवा, तिसरा पांढराशुभ्र केला जातो. पांढऱ्यावर दोन्ही बाजूंनी अशोकचक्र छापायचं, पट्टे जोडून शिवायचे, दोरी ओवायची. ध्वजाची ठरलेली मापं नऊ आहेत. सर्वांत मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान टेबलावरचं १५० बाय १००.

अशा कारखान्यात ‘एका वेळी किती?’ हा प्रश्न दोनदा पडतो. कापड एका वेळी किती मागवायचं, आणि एका मापाचे ध्वज एका दमात किती काढायचे. दोन्ही ठिकाणी एकच सूत्र लावून मोकळं होण्याची सवय आपल्याकडच्या लहान-मोठ्या कारखान्यांत सर्रास आहे, आणि आज मला तिच्याविरुद्ध लिहायचं आहे.

ते सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अभियंत्याने १९१३ साली मांडलं. वर्षाची मागणी गुणिले एका वेळच्या मांडामांडीचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. गंमत म्हणजे हॅरिसच्या लेखाचं शीर्षक एका वेळी किती भाग ‘बनवावेत’ असं विचारत होतं, पण त्याचं सूत्र धरून चालतं की सगळी खेप एकाच क्षणी कोठारात येऊन पडते. कापडाच्या गठ्ठ्यांना हे लागू पडतं. ट्रक उतरला की कोठार भरलं. ध्वज मात्र रोज थोडे तयार होतात आणि रोज थोडे विकलेही जातात. टँकरने टाकी काठोकाठ भरते, पण नळ येत असताना खालून वापरही चालू असेल तर पाणी तेवढं चढत नाही. ही दुरुस्ती ई. डब्ल्यू. टाफ्टने १९१८ साली केली.

आकडे घेऊन बघू. हे आकडे हिशेबासाठी मी धरलेले आहेत, संघाच्या वहीतले नाहीत. समजा ९०० बाय ६०० मापाचे ध्वज रोज ४० विकले जातात आणि कामाचे दिवस वर्षाला ३००. म्हणजे वर्षाला १२,०००. माप बदलताना छपाईची चौकट बदला, रंग घोटा, चक्र नेमकं मध्यावर येतंय का ते पाहा, सुरुवातीचे चुकलेले तुकडे बाजूला टाका, या सगळ्या सेटिंगला दर वेळी १,२०० रुपये पडतात. एक ध्वज वर्षभर पडून राहिला तर अडकलेलं भांडवल, जागा आणि कसर-वाळवीची काळजी मिळून ८० रुपये. हॅरिसच्या सूत्राने खेप येते ६०० ध्वजांची.

आता कामाचा वेग धरा. हे माप चालू असताना दोन दिवसांत १२५ ध्वज तयार होतात, म्हणजे रोज साडेबासष्ट. त्यातले ४० त्याच दिवशी जातात. कपाटात रोज भर पडते ती फक्त साडेबावीसची. टाफ्टच्या सूत्रात सांभाळण्याच्या खर्चाला (१ − वापर ÷ उत्पादन) याने गुणतात. इथे ४० भागिले ६२.५ म्हणजे ०.६४, उरले ०.३६. त्याचं वर्गमूळ ०.६, आणि ६०० भागिले ०.६ म्हणजे १,०००.

हजारांची खेप १६ दिवस चालते. त्या १६ दिवसांत ६४० ध्वज गेलेले असतात, म्हणून साठा ३६० च्या वर कधी चढतच नाही. पुढे ते ३६० नऊ दिवस पुरतात. पंचवीस दिवसांचा फेरा, वर्षात बारा फेरे. सेटिंगला १४,४०० रुपये, आणि सरासरी १८० ध्वज सांभाळायला तेवढेच १४,४००. एकूण २८,८००.

कोणी हॅरिसच्या ६०० वरच अडून राहिला तर वर्षात वीस वेळा सेटिंग, २४,००० रुपये. साठ्याचं शिखर २१६, सरासरी १०८, खर्च ८,६४०. एकूण ३२,६४०. नुकसान ३,८४० रुपयांचं. प्रलय नाही, पण हे वहीत दिसतच नाही, कारण कारकून सांभाळण्याचा खर्च ‘खेपेच्या निम्म्यावर’ धरतो आणि ३०० ध्वजांचे २४,००० लिहितो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, सूत्र बरोबर बसलं असं त्याला वाटतं. ओळखायचं असेल तर वही बाजूला ठेवून कपाट मोजावं. सर्वांत भरलेल्या दिवशी कपाटात खेपेपेक्षा बरेच कमी नग असतील, तर हॅरिसच्या सूत्राने काढलेली खेप लहान पडते आहे.

इथपर्यंत पाठ्यपुस्तकात असतं. खरी अडचण पुढे आहे. टाफ्टचं सूत्र धरतं की शिवून झालेला प्रत्येक ध्वज त्याच दिवशी विकता येतो. राष्ट्रध्वजाला माप, रंगछटा, शिवण यांची तपासणी आहे. एखाद्या व्यवस्थापकाने ठरवलं की हजारच्या हजार पूर्ण होऊन नमुने पास झाल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही, तर? मग सोळा दिवस नवे ध्वज साचत राहतात आणि त्याच वेळी मागच्या खेपेतले विकले जातात. सरासरी साठा १८० चा ८२० होतो. कंसातलं वजाचं चिन्ह अधिक होतं, ०.३६ च्या जागी १.६४ येतं, आणि किफायतशीर खेप उतरते ४६९ वर. तोच कारखाना, तीच माणसं, तोच वेग. फरक फक्त माल केव्हा मोकळा सोडला याचा. म्हणून मी कारखानदारांना सूत्राआधी हेच विचारतो की पहिला नग गिऱ्हाइकाकडे जातो तो पहिल्या दिवशी की शेवटच्या? तपासणी पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी करता आली तर हजाराची खेप पुन्हा परवडते.

वेगाचंही तसंच. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ध्वजसंहितेने पॉलिस्टर आणि यंत्रावर बनलेले ध्वज चालू दिले. रोज हजारो ध्वज ओकणाऱ्या यंत्रापुढे चाळीसची विक्री नगण्य असते, कंसातला आकडा जवळपास एक होतो, आणि तिथे हॅरिसचं साधं सूत्र पुरतं. हातकामात उलट घडतं. उत्पादन रोज ४१ वर आलं तर सूत्र जवळजवळ ३,८०० ची खेप सांगेल, म्हणजे जवळपास थांबूच नका. चाळीसच्या खाली आलं तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. तो गणिताचा दोष नव्हे, साठा होणारच नाही एवढंच ते सांगतं.

शिवाय एकाच छपाईच्या टेबलावर नऊ मापं असतील, तर या एका मापाने पंचवीसपैकी सोळा दिवस खाल्ल्यावर उरलेल्या आठांना नऊच दिवस राहतात, त्यांच्या सेटिंगचा वेळ धरून. प्रत्येक मापाची खेप वेगवेगळी काढली तर दोन मापं एकाच सकाळी टेबल मागतात. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच फेरा ठरवावा लागतो, आणि काही मापांची खेप त्यांच्या स्वतःच्या हिशेबापेक्षा मोठी किंवा लहान स्वीकारावी लागते.

आणि १५ ऑगस्ट आहेच. रोज ४० ही सरासरी त्याआधीच्या आठवड्यांत कुचकामी ठरते. तिथे खेपेचं सूत्र मिटवून ठेवावं, किती दिवस आधीपासून साठा करायचा याचं वेगळं कोष्टक मांडावं, आणि वरचा हिशेब गर्दी ओसरल्यावर सप्टेंबरात पुन्हा काढावा.