भिंतीवरचं विशारद आणि दारातले विद्यार्थी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, गाण्याचा खाजगी क्लास सुरू करताना प्रत्येकाला एक प्रश्न पडतो : प्रमाणपत्र असेल तर विद्यार्थी येतात का? माझं उत्तर असं, की प्रमाणपत्र पालकांना दारापर्यंत आणतं. पण मूल टिकतं आणि दुसऱ्याला घेऊन येतं ते वेगळ्याच कारणाने.

माझं गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद भिंतीवर आहे. पालक पहिल्या दिवशी ते वाचतात, मग विचारतात, "तुम्ही परीक्षेला बसवता ना?" दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर हा प्रश्न हमखास येतो. त्यात गैर काही नाही. अनोळखी माणसाकडे मूल पाठवायचं तर काहीतरी पुरावा हवाच.

पण एक अनुभव सांगते. प्रवेशिका पूर्ण प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली एक मुलगी दुसऱ्या क्लासमधून माझ्याकडे आली. भूप गायला सांगितला. बंदिश आणि वहीतल्या आठ ताना तिने सफाईने म्हटल्या. मग मी म्हटलं, "आता पंचमापासून सुरू करून तुझ्या मनाने दोन आलाप घे." ती गप्प. ठेका धरला आणि बंदिश खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलायला सांगितली; तिची सम चुकली. मुलगी हुशार होती, दोष तिचा नव्हताच. परीक्षा वर्षातून दोन वेळा होतात. दर सत्राला पुढचा फॉर्म भरायचा ठरवलं, की शिक्षक आलाप-ताना लिहून देतात आणि मुलं त्या पाठ करतात. रागात फिरायला वेळच उरत नाही.

मग परीक्षा बंद करायच्या का? मुळीच नाही. ठरलेला अभ्यासक्रम असला की हाताने ताल देणं, दुगुन करणं, स्वर ऐकून राग ओळखणं या गोष्टी शिक्षकालाही टाळता येत नाहीत. मी एवढंच करते, की मूल स्वतःचे चार आलाप घेऊन समेवर येऊ लागेपर्यंत फॉर्म भरत नाही. त्या मुलीचा पुढचा फॉर्म मी वर्षभर थांबवला. तिची आई नाराज झाली. पण घरच्या गणपतीत मुलीने न लिहिलेला भूप गायला, तेव्हा ऐकायला बसलेल्या दोन शेजारणींनी क्लासची वेळ विचारली. त्यांची मुलं आज माझ्याकडे शिकतात. माझं विशारद त्यांनी अजून वाचलेलं नाही.

तेव्हा पालकहो, क्लास निवडताना प्रमाणपत्र जरूर बघा; पण तिथल्या दोन वर्षं शिकलेल्या मुलाला वही मिटून गायला सांगा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमचा क्लास चालायला ते गाणंच उपयोगी पडेल.