‘माल मिळाला’ ही सही कोणाची? – शाळेची खरेदी आणि तीन कागदांची जुळणी



शाळेत बाक येतात, कपाटं येतात, प्रयोगशाळेचं साहित्य येतं. काही दिवसांनी पुरवठादाराचं बिल येतं आणि एखाद्या शिक्षकापुढे ठेवलं जातं, “सर, माल मिळाल्याची सही करा, म्हणजे चेक काढता येईल.” सर बिल बघतात, वर्गात नवे बाक दिसलेले असतात, सही होते. माझं मत असं आहे की शाळेच्या पैशाचं नुकसान जिथे थांबवता येतं, ती जागा नेमकी हीच आहे, आणि आपण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतो.

पुरवठादाराला पैसे देण्याआधी तीन कागद शेजारी ठेवून जुळवायचे असतात. पहिला खरेदी आदेश, दुसरा माल मिळाल्याची पावती आणि तिसरं पुरवठादाराचं बिल. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण तीन कागद फाईलला एकत्र लावणं वेगळं आणि जुळवणं वेगळं. फरक कळण्यासाठी आधी बघू, कोणता कागद काय बोलतो.

प्रत्येक कागदाचं काम

खरेदी आदेश सांगतो, आपण काय मागवलं आणि कोणत्या दराने. तो माल येण्याआधी, मुख्याध्यापकांच्या किंवा संस्थेच्या सहीने निघालेला असतो. माल मिळाल्याची पावती सांगते, प्रत्यक्षात काय उतरलं आणि त्यातलं किती चांगलं होतं. ती टेम्पोजवळ उभं राहून मोजणाऱ्या माणसाने लिहायची असते. बिल सांगतं, पुरवठादार किती पैसे मागतो आहे.

म्हणजे बिल ही फक्त मागणी झाली. द्यायची रक्कम ठरवताना दर घ्यायचा आदेशातला आणि संख्या घ्यायची पावतीतली. बिल या दोघांपुढे तपासायला ठेवायचं. इतकं एक सूत्र पक्कं झालं की बाकीचं सगळं गणित इयत्ता पाचवीचं आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, एका शाळेने बाक बनवणाऱ्या एका लहान कारखान्याला आदेश दिला: 40 बाक, प्रत्येकी 3,200 रुपये, आणि शिक्षकांसाठी 6 टेबलं, प्रत्येकी 4,500 रुपये. शाळेपर्यंतची वाहतूक दरातच धरलेली आहे, हेही आदेशात लिहिलं आहे. सोयीसाठी जीएसटी बाजूला ठेवू. बाकांचे 1,28,000 आणि टेबलांचे 27,000, मिळून आदेश 1,55,000 रुपयांचा.

4 जूनला पहिला टेम्पो आला, त्यात 24 बाक. 11 जूनला दुसरा आला, त्यात 14 बाक आणि 6 टेबलं. दुसऱ्या खेपेतल्या 2 बाकांचा वेल्डिंगचा जोड सुटलेला होता. म्हणजे बाक आले 38, पण स्वीकारण्याजोगे 36. पावतीवर हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहायला हवेत. नुसतं ‘38 मिळाले’ लिहिलं तर मोडक्या बाकांचेही पैसे द्यावे लागतात, आणि नुसतं ‘36 मिळाले’ लिहिलं तर उरलेले दोन कुठे आहेत हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

मग बिल आलं: 40 बाक, दर 3,250, टेबलं 6, दर 4,500, वाहतूक 1,800. एकूण 1,58,800 रुपये.

आता ओळीने जुळवू. बाकांची संख्या पावतीप्रमाणे 36 आणि दर आदेशाप्रमाणे 3,200, म्हणून 1,15,200. टेबलं तिन्ही कागदांवर सारखी, 27,000. वाहतुकीची ओळ आदेशात नाहीच, म्हणून शून्य. देय रक्कम 1,42,200. बिलापेक्षा 16,600 रुपये कमी.

हा फरक कुठून आला, तेही सांगता यायला हवं. चार न मिळालेले किंवा परत द्यायचे बाक, बिलाच्या दराने 13,000. छत्तीस बाकांवर प्रत्येकी 50 रुपये जादा, 1,800. वाहतूक 1,800. बेरीज बरोबर 16,600. पुरवठादाराशी बोलताना ‘बिल जास्त वाटतंय’ असं म्हणायची वेळ येत नाही, तीन ओळी दाखवायच्या. गंमत म्हणजे यात लबाडी असेलच असंही नाही. कारखान्याचा कारकून अनेकदा आदेशावरून किंवा नव्या दरपत्रकावरून बिल करतो, टेम्पोत किती चढले हे त्याने पाहिलेलं नसतं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. नुसती एकूण रक्कम जुळवू नका. समजा बिलात 38 बाक 3,200 दराने लावले, टेबलं बरोबर लावली आणि ‘वाहतूक व जोडणी’ म्हणून 6,400 रुपये घातले. एकूण येते 1,55,000, अगदी आदेशाइतकीच! वरवर पाहणारा समाधानाने सही करेल. पण न आलेल्या दोन बाकांची किंमत दुसऱ्या नावाने आत शिरलेली आहे, आणि दोन मोडके बाकही चांगले म्हणून मोजले गेले आहेत.

पावती बिलावरून लिहिली तर?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या तीन कागदांपैकी शाळेत सर्वांत कच्चा असतो तो मधला. आदेश कार्यालयात टाईप होतो, बिल पुरवठादार छापून देतो, पण पावती? पुष्कळदा ती बिल आल्यावरच तयार होते. बिलातल्या ओळी पाहून साठा नोंदवहीत उतरवल्या जातात आणि बिलाच्या मागे शिक्का बसतो, ‘माल मिळाला, नोंद घेतली’. मग तिन्ही कागद जुळतात यात नवल काय? एका मुलाने दुसऱ्याची वही बघून उत्तरं लिहिली, तर दोघांची उत्तरं सारखी आली म्हणून ती बरोबर आहेत असं आपण म्हणत नाही. तीच गोष्ट इथे.

नक्कल ओळखायची कशी? तारखा पाहा. माल दोन खेपांत आला आणि पावती मात्र एकच, तीही बिलाच्या तारखेची किंवा नंतरची, तर ती मोजून लिहिलेली नाही असं खुशाल समजा. पावतीवरचे शब्द बिलातल्या शब्दांशी काना-मात्रेसकट जुळत असतील, तरी शंका घ्या. मोजणारा माणूस ‘2 बाकांचा जोड सुटलेला’ असं काहीतरी लिहितो. नक्कल करणारा फक्त ‘40 नग’ लिहितो.

यावर उपाय खर्चाचा नाही. माल उतरवून घेणाऱ्याला आदेशाची अशी प्रत द्या, जिच्यात वस्तूंची नावं आणि वर्णन आहे, पण संख्येचा रकाना कोरा आहे. त्याने मोजून आकडा भरायचा, तारीख, वेळ आणि टेम्पोचा क्रमांक लिहायचा. चालकाच्या चलानवर सही करतानाही तोच आकडा लिहायचा, आणि मोजायला वेळ नसेल तर ‘मोजणी बाकी’ असं लिहून मगच सही करायची. शिवाय दर ठरवणारा, माल मोजणारा आणि चेकवर सही करणारा ही एकच व्यक्ती नसावी. दोन शिक्षकी शाळेत तीन वेगळी माणसं मिळणं अवघड, हे मान्य. तिथे निदान मोजताना शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाला बोलवावं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखाली येणाऱ्या या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे.

फरक निघाला, मग पुढे?

काहीजण फरक दिसला की सगळं बिल अडवून ठेवतात. हे मला पटत नाही. छत्तीस चांगले बाक आणि सहा टेबलं वापरात आहेत, तर त्यांचे 1,42,200 रुपये द्यायलाच हवेत. लहान कारखान्याला पुढचं लोखंड त्याच पैशातून घ्यायचं असतं. उरलेल्या 16,600 रुपयांची क्रेडिट नोट मागायची, म्हणजे त्याच्या वहीतूनही ती मागणी निघून जाते. ती घेतली नाही, तर पुढे चार बाक आल्यावर त्यांचं 12,800 चं नवं बिल येईल आणि ‘मागची बाकी’ म्हणून 16,600 वेगळे मागितले जातील.

तक्रारही लेखी आणि वेळेत करायची. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्यानुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही की माल स्वीकारला असंच धरलं जातं, आणि पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी 45 दिवसांपुढे नेता येत नाही. आपल्या उदाहरणात मोडक्या बाकांबद्दलचं पत्र 26 जूनच्या आत जायला हवं. बिल येईपर्यंत मोजणी लांबवली, तर ही मुदत हातची निघून जाऊ शकते.

आणि शेवटचं बिल पास करताना आदेशावरच शिल्लक मांडा. आधी दिले 1,42,200, आता चार बाकांचे 12,800, एकूण 1,55,000. आदेश पूर्ण झाला, आता याच्यावर आणखी एक रुपयाही निघणार नाही, असं लिहून तो बंद करा. एकच बिल दोनदा येणं, किंवा दोन खेपांची दोन बिलं देऊन झाल्यावर वर एक एकत्रित बिल येणं, हे इथेच पकडलं जातं.

या जुळणीला मर्यादाही आहे, ती सांगायलाच हवी. आदेशातलाच दर फुगवलेला असेल, तर तिन्ही कागद छान जुळतील आणि पैसे तरीही जास्त जातील. ती चूक दरपत्रकं मागवताना पकडावी लागते. पातळ पत्र्याचा बाकही मोजणीत एकच बाक असतो. म्हणून आदेशात पत्र्याची जाडी आणि मापं लिहिलेली नसतील, तर मोजणाऱ्याला तपासायला काही उरतच नाही.

म्हणून पालकहो, समितीच्या बैठकीत बिलांची फाईल पुढे आली की बिल बाजूला ठेवा आणि आधी पावती मागा. ती कोणी लिहिली आणि कोणत्या तारखेला, एवढंच विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी तुमच्यापुढे सहीसाठी फक्त बिल आलं, तर शांतपणे म्हणा, “मी मोजलेलं नाही. ज्यांनी मोजलं त्यांची पावती आणा.”