चार नावे नकोत, दोन प्रश्न हवेत

‘हिशेबतपासनिसाच्या अहवालाचे प्रकार लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न आला, की आम्ही चार नावे उतरवून मोकळे होतो : स्वच्छ, सशर्त, प्रतिकूल आणि मत देण्यास नकार. माझ्या मते नावे घोकण्यापेक्षा दोन प्रश्न ध्यानात ठेवावेत. हिशेबात चूक सापडली आहे, की पुरावाच मिळालेला नाही? आणि परिणाम एका मोठ्या बाबीपुरता आहे, की सर्व हिशेबभर पसरलेला?

समजा, एका कंपनीने २० लाखांचा करपूर्व नफा दाखवला. पण ४ लाख देणे असलेला ग्राहक दिवाळखोर निघाला, वसुलीची आशा नाही आणि संचालक तरतूद करायला तयार नाहीत. चूक मोठी, पण एकाच बाबीतली. म्हणून अहवाल सशर्त : ही बाब वगळता हिशेब खरे व रास्त. येणे व नफा ४ लाखांनी फुगले आहेत, हेही आकड्यानिशी सांगावे लागते. कारण देणे हे तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४३ नुसार कर्तव्यच आहे.

अशाच चुका येणी, माल, कर्जे अशा सर्वत्र असत्या, तर मत प्रतिकूल. वह्याच आगीत जळाल्या आणि दुसरा पुरावाही नाही, तर मत देण्यास नकार. मात्र पुरावा एकाच बाबीचा नसेल, तर पुन्हा सशर्तच. इथेच आमचे गुण जातात.

मित्रहो, उत्तरात व्याख्येपेक्षा असे एक उदाहरण लिहा. भागधारकालाही अहवालातून तेच हवे असते : आकडा कुठे आणि किती चुकला?