नावापुरतं खरेदीखत? असा कागद नसतो, दादा

परवा दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टपरीवर पुन्हा तेच वाक्य ऐकलं. "कागद नावापुरता आहे रे. पैसे फेडलेस की जमीन तुझीच." ज्याची जमीन होती तो मान डोलावत होता. मी मध्ये बोललो तर दोघंही 'तुम्हाला काय करायचंय' अशा नजरेने बघायला लागले. म्हणून इथे लिहितोय.

आकडे आपल्याकडे चालतात तसेच धरू. दोन एकर जमीन, सरकारी दराने किंमत १२ लाख. मुलीच्या लग्नाला ३ लाख हवेत, व्याज महिना शेकडा ३, म्हणजे दरमहा ९ हजार. पैसे देणारा गहाणखत करत नाही, तीन लाखांचं खरेदीखत करून घेतो. 'रक्कम भरून पावलो, ताबा दिला' अशी वाक्यं त्यात असतात. आणि समाधानासाठी वेगळ्या पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो, की दोन वर्षांत पैसे दिले तर जमीन परत लिहून देईन.

खरी मेख या दुसऱ्या कागदात आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण ठरू शकतो. आपण ज्याला मुदत खरेदी म्हणतो ती हीच. अट वेगळ्या कागदावर गेली की खरेदीखत ही पक्की विक्री, आणि स्टॅम्पपेपर हा फक्त परत विकण्याचा करार. फरक केवढा पडतो बघा. गहाण असेल तर मुदत संपल्यावरही ३० वर्षांपर्यंत पैसे भरून जमीन सोडवता येते, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय तुमचा तो हक्क बुडत नाही. नुसता करार असेल तर ठरलेली तारीख पाळावीच लागते, आणि समोरच्याने टाळाटाळ केली तर त्या तारखेपासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. गावातला माणूस ती ३ वर्षं "बघू, दिवाळीनंतर" ऐकण्यात घालवतो.

वर सांगतात काय, तर गहाणखताला खर्च फार. साफ खोटं! खरेदीखताचा मुद्रांक सरकारी किमतीवर, म्हणजे १२ लाखांवर. गहाणखताचा कर्जाच्या रकमेवर, म्हणजे ३ लाखांवर. खरं कारण वेगळं आहे. गहाणखत केलं की आपण सावकारी करतो हे लेखी कबूल केल्यासारखं होतं, आणि परवाना तर नसतो.

आणखी एक गोष्ट. गहाणखतावर देणाऱ्याच्या सहीसोबत किमान दोन साक्षीदारांचं साक्षांकन लागतं, आणि मग नोंदणी. बक्षीसपत्रालाही तसंच, शिवाय देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारलेलं असावं लागतं. जमिनीच्या खरेदीखताला मात्र कायद्याने साक्षांकन सक्तीचं नाही, नोंदणी पुरते. निबंधकासमोर जे दोघे उभे असतात ते बहुतेकदा नुसते ओळख पटवणारे. निबंधक तरी काय विचारणार? सही तुमचीच का, मजकूर मान्य का. तुम्ही "हो" म्हणता. आत काय ठरलंय हे तपासणं त्याचं कामच नाही.

ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याचं कलम १८ आहे. सावकाराने कर्जाला तारण म्हणून खरेदीने जमीन घेतली असेल, तर मागच्या १५ वर्षांतल्या व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत तारण सिद्ध झालं तर ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. १२ लाखांची जमीन ३ लाखांना गेलेली दिसणं, विक्रीनंतरही सातबाऱ्यावर पीक तुमच्याच नावे असणं, दरमहा ९ हजार बँकेतून किंवा फोनवरून गेल्याच्या नोंदी, तो स्टॅम्पपेपर, हे सगळं जपून ठेवा. रोख हातात देत असाल तर आजपासून बंद करा. पण एक अडचण सांगून ठेवतो. समोरचा सावकारी करतो हे दाखवावं लागतं. एकदाच हातउसने देणाऱ्या मेहुण्याला हे कलम लावता येत नाही, तिथे दिवाणी कोर्टच.

आणि खरेदीनंतर तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस येते, ती चुलीत घालू नका. १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकतीने मालकी परत येत नाही, पण 'मी तेव्हाच नाही म्हणालो होतो' याचा तारखेसकट पुरावा राहतो.